पाचाच्या चक्रात त्रिकोण नाही, तरी तिसरा रंग कशाला लागतो?

मैना_धंतोली

ग्राफ थिअरीचा पेपर जवळ आलाय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. इथे गणितवाले बरेच आहेत म्हणून धागा काढते.

C5 घ्या. पाच बिंदू गोलात, प्रत्येक जण फक्त आपल्या दोन शेजाऱ्यांना जोडलेला. जोडलेल्या दोघांना एकच रंग द्यायचा नाही. तीन रंग लागतात हे मी कागदावर रंगवून पाहिलं. त्रिकोण नाही, म्हणजे सगळे एकमेकांना जोडलेले असा सर्वात मोठा गट दोघांचाच, ω = 2, हेही दिसतंच आहे. माझी अडचण त्यापुढची आहे. K3 ला तीन रंग का लागतात हे सांगता येतं, कारण तिथे तिघंही एकमेकांना जोडलेले आहेत. C5 मध्ये तिसऱ्या रंगासाठी बोट कोणाकडे दाखवायचं? पाचातला कुठलाही एक काढा, उरलेले चार दोन रंगांत बसतात. म्हणजे एकट्या कोणाचाच दोष नाही आणि तरी सगळे मिळून बसत नाहीत.

दुसरा प्रश्न. परफेक्ट ग्राफच्या व्याख्येत 'प्रत्येक इंड्यूस्ड सबग्राफसाठी χ = ω' असं म्हटलंय, χ म्हणजे कमीत कमी लागणारे रंग. 'प्रत्येक' कशाला? पूर्ण ग्राफला एकदा χ = ω जमलं की काम संपायला हवं ना? वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं की व्याख्या पाठ करा.

विषमभुज

यात अडण्यासारखं काही नाही. पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला लाल, चौथ्याला निळा, पाचव्याला लाल. पण पाचवा पहिल्याचा शेजारी, तोही लाल. झाली टक्कर. संख्या विषम असली की हे होणारच. म्हणून परफेक्ट ग्राफ म्हणजे ज्यात विषम चक्र नसतं तो. संपला विषय.

अनवट

विषमभुज, टक्करीचं वर्णन अगदी बरोबर. शेवटच्या वाक्यात मात्र घोटाळा आहे. विषम चक्र अजिबात नको म्हटलं तर फक्त बायपार्टाइट, म्हणजे दोन रंगांत बसणारे ग्राफ उरतात. K3 स्वतःच तीनाचं चक्र आहे आणि तो परफेक्ट आहे. K5 मध्ये कडा मोजत गेलात तर पाचाची चक्रं बारा सापडतील, आणि तोही परफेक्ट आहे. तेव्हा चक्र असण्याने बिघडत नाही. चक्र *रिकामं* असण्याने बिघडतं, म्हणजे आत एकही कर्ण नसलेलं, आणि लांबी पाच किंवा त्याहून मोठी विषम. C5 मध्ये एकच कर्ण टाकून बघा. एका बाजूला त्रिकोण तयार होतो, दुसऱ्या बाजूला चौकोन. रंग तीनच लागतात, पण आता कारण दाखवता येतं, ω सुद्धा तीन झाला. रंग एकाने कमी झाला नाही, फक्त त्याचा हिशेब लागला.

मैना, तुझ्या 'बोट कोणाकडे' या प्रश्नाला माझं उत्तर असं की बोट कोणाकडेच दाखवता येत नाही, आणि C5 प्रसिद्ध आहे तो त्यामुळेच. कारण गटात नाही, मोजणीत आहे. एका रंगाचे बिंदू एकमेकांना जोडलेले नसावेत. पाचाच्या गोलात असे जास्तीत जास्त किती निवडता येतील? दोनच. तीन निवडायला गेलीस तर दोघे शेजारी येतातच. म्हणजे एक रंग दोघांना पुरतो, दोन रंग चौघांना. पाचवा उरतो. तो नेमका कोण हे तू कुठून सुरुवात करतेस त्यावर आहे, म्हणून कोणताही एक काढला की भागतं.

हीच मोजणी लक्षात ठेव, पुढे ती फार उपयोगी पडते. α म्हणजे एकमेकांना न जोडलेल्या बिंदूंचा सर्वात मोठा संच किती मोठा, ती संख्या. बिंदू n असतील तर रंग कमीत कमी n/α तरी लागणारच. C5 साठी 5/2, म्हणजे अडीच. अर्धा रंग देता येत नाही, म्हणून तीन.

शून्य_इंडेक्स

विश्वास नसेल तर मोजून घ्या. सगळे पर्याय तपासणं पाच बिंदूंसाठी काहीच नाही:

```python
from itertools import product
kada = [(i, (i+1) % 5) for i in range(5)]
for k in (2, 3):
    n = sum(all(r[a] != r[b] for a, b in kada)
            for r in product(range(k), repeat=5))
    print(k, n)
```

दोन रंगांत 0 पर्याय, तीन रंगांत 30. सूत्रानेही तेच येतं: विषम m साठी (k-1)^m - (k-1). k = 3, m = 5 घातलं की 32 - 2 = 30.

महालकर

मी गणितवाला नाही, पण आमच्या स्कीममधी हेच झालं आहे का ते सांगा बा. मी सेक्रेटरी आहे. गेटवर पाच वॉचमन, रोज त्याच पाळ्या. पहिला रात्री 12 ते सकाळी 6. दुसरा 5 ते 11. तिसरा 10 ते दुपारी 4. चौथा 3 ते रात्री 9. पाचवा रात्री 8 ते 1. एक तास मुद्दाम दोघं सोबत ठेवतो, चार्ज देणं-घेणं नीट व्हावं म्हणून. केबिनमधी लोखंडी कपाट आहे, त्याले दोन कप्पे. मी हिशेब केला का कोणत्याही टायमाले दोघांच्या वर माणूस नसतो, तर दोन कप्पे पुरले पाहिजे. प्रत्येकाले एक कप्पा ठरवून दिला आणि चावी दिली. तर रोज कोणाचं ना कोणाचं भांडण. डबा ठेवाले जागा नाही म्हणते. माझा हिशेब काऊन चुकला?

अनवट

महालकर भाऊ, मैनाच्या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. पहिला-दुसरा यांची वेळ एक तास जुळते, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, चौथा-पाचवा तशीच. आणि पाचवा रात्री 12 ते 1 पहिल्यासोबत असतो. बाकी कोणाची कोणाशी गाठ पडत नाही. हा तंतोतंत C5 आहे. ज्यांची वेळ जुळते त्यांना एक कप्पा चालणार नाही, आणि कप्पा ठरलेला. म्हणजे कप्पे म्हणजेच रंग. तीन लागणार.

विषमभुज

थांबा. पाळ्या म्हणजे वेळेचे तुकडे. वेळेचे तुकडे असतील तर एका क्षणी जास्तीत जास्त जितके असतील तितक्याच खोल्या पुरतात, हे आम्ही अल्गोरिदमच्या वर्गात शिकलोय. सुरू होण्याच्या वेळेनुसार लावा, जो मोकळा असेल तो कप्पा द्या. मग इथे का चालत नाही?

अनवट

छान अडवलंत. ते प्रमेय खरं आहे, पण ते सरळ रेषेवरच्या तुकड्यांसाठी आहे. समजा हॉलचं एका दिवसाचं बुकिंग आहे, सकाळी सुरू आणि रात्री बंद. एखादा कार्यक्रम सुरू होताना जे जे हॉल भरलेले असतील ते सगळे कार्यक्रम त्या एका क्षणी चालू आहेत. म्हणजे ते आणि हा नवा मिळून सगळ्या एकमेकांना जोडलेल्यांची एक क्लिक होते. ती ω पेक्षा मोठी नाही, म्हणून आधीचे जास्तीत जास्त ω - 1, आणि एक हॉल मोकळा सापडतोच. आखूड असूनही ही सिद्धता पक्की आहे. असे ग्राफ परफेक्ट असतात.

भाऊंच्या पाळ्या मात्र घड्याळाच्या गोलावर आहेत. मध्यरात्री काप घेतलात तर पाचवा वॉचमन कापावर सापडतो. तो रात्री 8 ला आला तेव्हा त्याला मोकळा कप्पा होता, पण 12 वाजता पहिला येतो आणि त्याचा कप्पा कालपासून ठरलेला आहे. रेषेवर 'आधी आलेले' एवढ्यांचाच विचार करावा लागतो. गोलावर कोणीच 'आधी' नाही.

शून्य_इंडेक्स

एक बारीक गोष्ट. 'कोणत्याही क्षणी दोघेच' यावरून ω = 2 निघत नाही. गोलावर तसं नसतं. नऊ-नऊ तासांच्या तीन पाळ्या घ्या: 0 ते 9, 8 ते 17, 16 ते 1. कोणत्याही क्षणी दोघांपेक्षा जास्त नाहीत, तरी तिघांची जोडी-जोडीने गाठ पडते, म्हणजे K3. तिथेही तीन कप्पे लागतील, पण साध्या त्रिकोणामुळे. भाऊंच्या पाच पाळ्यांत त्रिकोण नाही हे वेगळं तपासावं लागतं. पहिल्याची तिसऱ्याशी गाठ नाही, चौथ्याशीही नाही, आणि असंच सगळ्यांचं.

अनवट

अगदी योग्य. मी ते गृहीत धरून पुढे गेलो होतो, पण परीक्षेत हे वाक्य लिहायलाच हवं.

महालकर

म्हणजे तिसरा कप्पा घ्यावाच लागते का? कपाट नवीनच आहे हो.

अनवट

तीन वाटा आहेत, भाऊ.

एक, एखादी जोड तोडा. पाचव्याला रात्री 12 ला सोडा म्हणजे पहिल्याशी गाठ नाही. गोल तुटून सरळ साखळी उरते, दोन कप्पे पुरतात. पण त्या एका वेळी चार्ज देणं-घेणं होणार नाही.

दोन, सहावा माणूस घ्या. पाच-पाच तासांच्या सहा पाळ्या, दर चार तासांनी एक सुरू. आता सहाचं चक्र, सम संख्या, दोन कप्पे बास. माणूस वाढला आणि कप्पा कमी झाला, ऐकायला विचित्र आहे पण खरं आहे. अर्थात एका कप्प्यासाठी एक पगार वाढवणं म्हणजे स्कीमचे लोक तुम्हालाच गेटवर बसवतील.

तीन, आणि मला हीच आवडते. कप्पा कायमचा ठरवू नका, दिवसाआड बदला. सोमवारी पहिल्याला कप्पा 1, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला 2, पाचव्याला 1. पाचवा रात्री एकपर्यंत 1 धरून बसला आहे, म्हणून मंगळवारच्या पहिल्याला 2 द्या. दुसऱ्याला 1, तिसऱ्याला 2, चौथ्याला 1, पाचव्याला 2. बुधवारी पहिल्याला पुन्हा 1. कुठेही टक्कर नाही. चावी माणसाकडे न देता खिळ्यावर टांगायची एवढंच.

का चाललं बघा. दोन दिवसांच्या पाळ्या एकत्र धरल्या तर दहाचं चक्र होतं, आणि दहा सम आहे. तिसरा कप्पा लागत होता तो 'प्रत्येकाचा कप्पा कायम' या अटीमुळे.

महालकर

हे जमते. पण एक अडचण. चौथा वॉचमन आपली छत्री न् जर्किन चोवीस तास कप्प्यातच ठेवते, घरी नेतच नाही.

शून्य_इंडेक्स

मग त्याची पाळी चोवीस तासांची धरा आणि तो सगळ्यांशी जोडला. पाचही तसे वागले तर K5, पाच कप्पे. ग्राफ परफेक्ट, कपाट महाग.

नकाशेवाला

पण चार रंगांचं प्रमेय आहे ना? 1976 मध्ये अपेल आणि हाकेन यांनी संगणकावर सिद्ध केलं, कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात. मग तीन का चार याची चर्चा कशाला, चार घ्या आणि मोकळे व्हा.

मैना_धंतोली

दादा, 'किती पुरतात' हा प्रश्नच नाहीये. तीन लागतात हे मान्यच आहे. लागतात ते *कशामुळे*, हे विचारतेय. आणि वॉचमनच्या पाळ्या म्हणजे नकाशा नव्हे, तिथे K5 सुद्धा येऊ शकतो, वर आलाच.

अनवट

तरी नकाशेवाल्यांच्या प्रश्नात एक कामाची गोष्ट दडली आहे. C5 च्या मधोमध एक बिंदू ठेवा आणि तो पाचांनाही जोडा. चाकासारखा ग्राफ, कागदावर कडा न छेदता काढता येतो. बाहेर तीन रंग लागतातच, मधल्याला चौथा. पण एकमेकांना जोडलेले चार बिंदू त्यात कुठेच नाहीत, ω = 3. म्हणजे नकाशातही चौथ्या रंगाचं कारण 'चार देश एकमेकांना लागून' हेच असतं असं नाही. आत कुठेतरी रिकामं पंचकोन बसलेलं असू शकतं.

आता मैनाचा दुसरा प्रश्न, 'प्रत्येक' कशाला. C5 शेजारी एक सुटा त्रिकोण ठेव, मध्ये एकही कडा नाही. या आठ बिंदूंच्या ग्राफचा χ किती? तीन. ω किती? त्रिकोणामुळे तीन. χ = ω, पूर्ण ग्राफ पास. पण C5 आत तसाच बसला आहे. त्रिकोणाने त्याच्यावर पांघरूण घातलं, एवढंच. कुठल्याही ग्राफशेजारी पुरेशी मोठी क्लिक ठेवून हे करता येतं, म्हणून फक्त पूर्ण ग्राफवर घातलेली अट काहीच सांगत नाही. 'प्रत्येक इंड्यूस्ड सबग्राफ' म्हटलं की पांघरूण ओढता येतं: त्रिकोण बाजूला काढा, उरलेल्यात χ = 3 आणि ω = 2, पकडला गेला.

इंड्यूस्ड याचा अर्थ बिंदू निवडायचे, कडा नाही. निवडलेल्या बिंदूंमधल्या सगळ्या कडा आपोआप येतात, नको ती कडा गाळायची मुभा नाही. K5 मधून C5 काढायला पाच कर्ण गाळावे लागतात, म्हणून तो इंड्यूस्ड धरला जात नाही.

मैना_धंतोली

हे मस्त. 'प्रत्येक' आता नीट बसलं. मग परफेक्ट ग्राफ टाळतात ते एवढंच का? रिकामी विषम चक्रं, पाच आणि वरची?

विषमभुज

हो, तेच मी म्हणत होतो. फक्त कर्ण नसलेली असं जोडा.

अनवट

अजून अर्धी यादी राहिली. सातच्या चक्राचा काँप्लिमेंट घ्या, म्हणजे जिथे कडा होती तिथे नाही आणि जिथे नव्हती तिथे आहे. सात बिंदू, चौदा कडा. यात क्लिक म्हणजे मूळ C7 मधले एकमेकांना न जोडलेले बिंदू. ते जास्तीत जास्त तीन. म्हणून ω = 3. रंग किती? यात एका रंगाचे बिंदू म्हणजे मूळ C7 मधले एकमेकांना जोडलेले, आणि C7 मध्ये त्रिकोण नाही, म्हणून एका रंगात जास्तीत जास्त दोन. सात बिंदू, दोन-दोनने, चार रंग. χ = 4, ω = 3. पुन्हा तोच अपुरा हिशेब. आणि त्यात पाच किंवा त्याहून लांब रिकामं विषम चक्र शोधलंत तर सापडणार नाही. म्हणून याला वेगळं टाळावं लागतं.

पाचाच्या बाबतीत ही दुसरी यादी दिसत नाही, कारण C5 चा काँप्लिमेंट पुन्हा C5 च येतो. पंचकोनाचे कर्ण काढले की चांदणी होते, आणि चांदणी हे पाचाचंच चक्र, फक्त वेगळ्या क्रमाने फिरलेलं.

फ्रेंच गणिती क्लोद बर्ज यांनी 1960 च्या सुमारास अंदाज मांडला की टाळायचं एवढंच: पाच किंवा त्याहून लांब विषम चक्र कर्णांशिवाय नको, आणि त्यांचे काँप्लिमेंट नकोत. हे दोन्ही नसतील तर ग्राफ परफेक्ट. त्यांनी सोबत एक हलका अंदाजही मांडला होता, परफेक्ट ग्राफचा काँप्लिमेंट परफेक्टच असतो. तो लास्लो लोवास यांनी 1972 मध्ये सिद्ध केला. मोठा अंदाज चाळीस वर्षं तसाच राहिला. मारिया चुडनोव्स्की, नील रॉबर्टसन, पॉल सेमूर आणि रॉबिन थॉमस यांनी 2002 मध्ये तो सिद्ध केला, आणि ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये तो 2006 मध्ये छापून आला. दीडशेहून जास्त पानं आहेत. बर्ज 2002 च्या जूनअखेरीस वारले.

मैना_धंतोली

दीडशे पानं वाचणं तर होणार नाही. C5 नको आणि C7 चा काँप्लिमेंट नको, या दोन्हींमागे एकच कारण आहे का? की नुसती यादी?

अनवट

एक कारण आहे, आणि ते तुला पहिल्याच उत्तरात मिळालंय. मोजणी. ग्राफ परफेक्ट असेल तर ω रंगांत भागतं, आणि एका रंगात जास्तीत जास्त α बिंदू. म्हणून n ≤ α·ω. C5 मध्ये α = 2, ω = 2, गुणाकार चार, बिंदू पाच. C7 च्या काँप्लिमेंटमध्ये α = 2, ω = 3, गुणाकार सहा, बिंदू सात. दोन्हीकडे एकाने कमी.

ही दिशा कोणालाही सुचेल. लोवास यांनी 1972 मध्येच उलटी दिशाही दाखवली, ती मात्र मुळीच सोपी नाही: प्रत्येक इंड्यूस्ड सबग्राफमध्ये बिंदूंची संख्या α·ω पेक्षा जास्त नसेल, तर ग्राफ परफेक्ट असतोच. शिवाय जो ग्राफ स्वतः परफेक्ट नाही पण कुठलाही एक बिंदू काढला की होतो, त्यात बिंदू नेमके α·ω + 1 असतात. वरचा 'एकाने कमी' हा योगायोग नव्हता.

या अटीत α आणि ω यांची अदलाबदल केली तरी काही फरक पडत नाही, आणि काँप्लिमेंट घेतल्यावर नेमकी तीच अदलाबदल होते. म्हणजे काँप्लिमेंटचा अंदाज यातून फुकट मिळतो. परीक्षेत लिहायला मला हाच मार्ग आवडेल.

शून्य_इंडेक्स

एवढ्या वर्णनावर ग्राफ परफेक्ट आहे का हे संगणकाला पटकन सांगता येतं का? इंड्यूस्ड सबग्राफ तर 2^n असतात. तीस बिंदूंनाच शंभर कोटींच्या वर जातात.

अनवट

सगळे तपासावे लागत नाहीत. 2005 मध्ये पॉलिनॉमिअल वेळेची तपासणी निघाली, चुडनोव्स्की आणि सेमूर त्यातही आहेत. घातांक मात्र मोठा आहे, n च्या नवव्या घातापर्यंत. कागदावर पॉलिनॉमिअल, प्रत्यक्षात शंभर बिंदूंना 10^18. म्हणून व्यवहारात लोक आपला ग्राफ कुठल्या ओळखीच्या कुळातला आहे ते आधी बघतात: सरळ रेषेवरचे तुकडे, बायपार्टाइट वगैरे. आणि भाऊंसारखा गोल आला की सावध होतात.

विषमभुज

परफेक्ट ग्राफला रंग देणं तरी सोपं असेल. ω काढा, तेवढे रंग, हातासरशी वाटत जा.

अनवट

हातासरशी नाही. चार बिंदूंची साखळी घ्या, परफेक्ट आहे, दोन रंग पुरतात. आता दोन्ही टोकं आधी रंगवा, दोघांनाही लाल, कारण ते जोडलेले नाहीत. मग दुसऱ्याला निळा आणि तिसऱ्याला तिसरा रंग. क्रम चुकला की परफेक्ट ग्राफातही फसता. रेषेवरच्या तुकड्यांना सुरुवातीच्या वेळेचा क्रम मिळतो म्हणून तिथे जमतं. सगळ्या परफेक्ट ग्राफांना चालेल अशी पद्धत ग्रोत्शेल, लोवास आणि श्रायव्हर यांनी 1980 च्या दशकात दिली, पण ती एलिप्सॉइड पद्धतीतून जाते. नुसते बिंदू आणि कडा हाताळून, जोडतोड करत रंग देणारी वेगवान पद्धत सगळ्या परफेक्ट ग्राफांसाठी अजून कोणाकडे नाही.

महालकर

खिळा ठोकला. दोन्ही चाव्या टांगल्या. पण आता विचारते का प्रत्येकाले दोन-दोन कप्पे पाहिजे, एक डब्याले, एक कपड्याले. तर सहा कप्पे घ्या लागतीन न? तीन दुणे सहा?

शून्य_इंडेक्स

कप्पे कायम ठेवायचे असतील तर पाचच, भाऊ. पहिल्याला 1 आणि 2. दुसऱ्याला 3 आणि 4. तिसऱ्याला 5 आणि 1. चौथ्याला 2 आणि 3. पाचव्याला 4 आणि 5. पाचवा रात्री पहिल्यासोबत असतो, त्यांचे कप्पे वेगळे आहेत. बाकीच्या जोड्या तुम्हीच तपासा.

महालकर

तपासल्या. बरोबर आहे. पण माणशी एक तर तीन, माणशी दोन तर पाच? हे काय गणित आहे बे.

अनवट

तेच वरचं 5/2. माणशी एक कप्पा असताना अडीचचे तीन करावे लागले होते. माणशी दोन झाल्यावर दुपटीत अडीचचे पाच, पूर्णांक मिळाला, वरचा अर्धा वाया गेला नाही. परफेक्ट ग्राफात अशी बचत कधीच होत नाही. तिथे ω माणसं एकमेकांशी जोडलेली असतात, माणशी दोन म्हटलं की त्यांनाच 2ω लागतात. बचत झाली, तर समजायचं की ग्राफ परफेक्ट नाही.

मैना_धंतोली

म्हणजे माणशी एक ते माणशी दोन करून पाहिलं, आणि दुपटीपेक्षा कमीत भागलं, तर आत कुठेतरी C5 सारखं काहीतरी आहे. उलटही खरं का? दुप्पटच लागले तर परफेक्ट?

अनवट

नाही. मघाचा C5 आणि सुटा त्रिकोण घे. त्रिकोणाला सहा लागतातच, C5 चे पाच त्यात बसून जातात. दुप्पट लागले, तरी ग्राफ परफेक्ट नाही. इथेही 'प्रत्येक' घातल्याशिवाय सुटका नाही.

मैना_धंतोली

बर्ज यांना हे सुचलं कुठून? रंगवण्याच्या कोड्यातून?

अनवट

एक मोठा धागा क्लॉड शॅनन यांच्याकडून येतो. 1956 मध्ये त्यांनी विचारलं की काही अक्षरं एकमेकांसारखी ऐकू येत असतील तर एकही चूक न होता किती माहिती पाठवता येईल. गोंधळणाऱ्या अक्षरांमध्ये कडा काढा. पाच अक्षरं आणि प्रत्येकाचा दोन्ही शेजाऱ्यांशी गोंधळ, पुन्हा C5. एका वेळी एक अक्षर पाठवलं तर बिनधोक दोनच. दोन अक्षरांचे शब्द केले तर चार मिळतील असं वाटतं, पण पाच मिळतात: 00, 12, 24, 31, 43. कुठलेही दोन घ्या, एका तरी जागी ती अक्षरं गोंधळणारी नसतात. म्हणजे अक्षरामागे √5. याहून जास्त काढता येत नाही, हे सिद्ध व्हायला 1979 उजाडलं, आणि ते लोवास यांनीच केलं. परफेक्ट ग्राफात शब्द लांबवून काही फायदा होत नाही, α एवढंच मिळतं. शॅननना ज्या लहान ग्राफांचं उत्तर ठरवता आलं नाही त्यात सर्वात लहान हा C5 होता.

शून्य_इंडेक्स

मग सात अक्षरांचं उत्तर पण असंच काहीतरी वर्गमूळ असेल?

अनवट

C7 चं उत्तर आजही कोणाला माहीत नाही. लोवास यांची पद्धत वरची मर्यादा देते, 3.3177 च्या आसपास. खालून लोक संगणकाने लांब शब्द शोधत ती गाठायला बघताहेत, पण दोन्ही आकडे अजून एकमेकांना भेटलेले नाहीत. दोन अक्षरांच्या शब्दांचं मात्र हाताने करण्यासारखं आहे, मैना. 49 शब्दांतून जास्तीत जास्त किती निवडता येतात ते काढून बघ. नऊ तर सरळ मिळतात. दहा मिळतात का?

मैना_धंतोली

पेपर झाला की बसते. अकरा शक्य नाहीत हे दिसतंय असं वाटतं: पहिलं अक्षर लागोपाठच्या दोनांपैकी असेल, तर दुसरी अक्षरं एकमेकांशी गोंधळता कामा नयेत, म्हणजे तसे शब्द तीनच. अशा सात जोड्या, प्रत्येक शब्द दोन जोड्यांत मोजला जातो, 21 भागिले दोन, साडेदहा. पण दहा प्रत्यक्ष मांडून दाखवायचे राहिलेत.